दोन माठ आणि एकच वाक्य : प्रयोग कोणाला कसा सांगावा?

वाचकाचे पत्र

सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शाळेत नववीत शिकते. डिसेंबरच्या शेवटी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि मी ‘माठातले पाणी थंड का होते’ हा प्रयोग मांडणार आहे. मी दीड पानाचे भाषण लिहून पाठ केले आहे. पण प्रदर्शनाला पहिलीतल्या मुलांपासून गावातल्या आजी-आजोबांपर्यंत सगळे येतात आणि तालुक्याहून परीक्षकही येतात. मागच्या वर्षी माझी मैत्रीण बोलत असतानाच लोक पुढच्या टेबलाकडे निघून गेले. सगळ्यांना समजेल असे एकच भाषण कसे तयार करावे? आणि त्या दिवशी पाणी थंडच झाले नाही तर काय सांगायचे?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी

उत्तर

तुझा दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे मिळणार नाही. मी शिक्षक म्हणून नवा असताना माझ्या एका विद्यार्थ्याने हाच प्रयोग मांडला होता. त्याने घरी आठवडाभर नोंदी घेतल्या होत्या आणि त्या चांगल्या आल्या होत्या. परंतु प्रदर्शनाच्या दिवशी ऑगस्टची झड लागली होती आणि दोन्ही भांड्यांतले पाणी जवळजवळ सारखेच राहिले. तो मुलगा मात्र पाठ केलेले भाषण म्हणत राहिला, ‘‘पाणी सहा अंशांनी थंड झालेले आपण पाहत आहात,’’ आणि समोर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने वाकून थर्मामीटर वाचला. चूक मुलाची नव्हती, माझी होती. त्या दिवशी पाणी थंड न होणे हाच प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग होता आणि मी त्याला तो सांगायला शिकवले नव्हते.

म्हणून भाषणाआधी मांडणी पाहू. कुंभाराकडून एकाच घडणीचे, साधारण दोन लिटर पाणी मावेल असे दोन छोटे माठ घे. त्यांतल्या एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात दे आणि तो तीन-चार दिवस चांगला वाळू दे. दुसरा माठ तसाच ठेव. बरीच मुले माठाची तुलना स्टीलच्या डब्याशी करतात, परंतु तिथे माती वेगळी, जाडी वेगळी, आकार वेगळा, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला हे कोणीच सांगू शकत नाही. तुझ्या दोन माठांत फक्त एकच गोष्ट वेगळी आहे : एकाची छिद्रे उघडी आहेत आणि दुसऱ्याची रंगाने बुजली आहेत. ‘‘मातीचा गुणच थंड असतो’’ असे जे कोणी म्हणेल, आणि दहांतले पाच जण म्हणतीलच, त्याला रंगवलेला माठ तुझ्या वतीने उत्तर देईल, कारण मातीचा तर तोही आहे. रंगवलेल्या माठावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावायला मात्र विसरू नकोस.

आता डिसेंबर महिन्याची एक अडचण आहे, जी मे महिन्यात येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा असतो आणि दुपारी ऊन असते. पाणी रात्रभर अंगणात राहिले तर सकाळी ते हवेपेक्षाही थंड असते, आणि दिवस वर येतो तसे दोन्ही माठांतले पाणी थंड होण्याऐवजी कोमट होत जाते. त्या वेळी तू ‘‘पाणी थंड होत आहे’’ असे म्हणालीस तर तुझाच थर्मामीटर तुला खोटे पाडेल. यासाठी आदल्या रात्री पाण्याची बादली घरात ठेव, दोन्ही माठ रात्रभर पाण्याने भरून मुरू दे, आणि सकाळी सात वाजता ते रिकामे करून दोन्हींत त्याच बादलीतले दोन-दोन लिटर पाणी एकाच वेळी भर. बोलताना तुलना हवेशी किंवा सकाळच्या पाण्याशी करू नकोस; ती नेहमी एका माठाची दुसऱ्या माठाशी कर. ‘‘साधा माठ रंगवलेल्या माठापेक्षा इतके अंश थंड आहे’’ हे वाक्य हवा तापो की निवो, खरेच राहते.

आकडे कसे दिसतील याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. तुझे आकडे याहून वेगळे येतील आणि फलकावर तुझेच लिहायचे आहेत. समज, सकाळी सातला दोन्ही माठांत २२ अंश सेल्सिअसचे पाणी होते. दुपारी दोनला हवा २८ अंशांवर गेली, रंगवलेल्या माठातले पाणी २५ अंशांवर चढले आणि साध्या माठातले साडेवीस अंशांवर राहिले. म्हणजे फरक साडेचार अंशांचा. त्याच वेळी दोन्ही माठ वजन काट्यावर ठेवले, तर साधा माठ सकाळपेक्षा ९० ग्रॅमने हलका झाला आणि रंगवलेला जेमतेम पाच ग्रॅमने. थंडाव्याची आणि हलकेपणाची ही जोडी एकत्र दिसली की अर्धे स्पष्टीकरण आपोआप होते : जो माठ हलका झाला तोच थंड राहिला. घरगुती डिजिटल काटा पाच किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅम दाखवणारा असला तर पुरेसा आहे. पाण्याची पातळी पट्टीने मोजू नकोस, कारण माठाच्या भिंतीत मुरलेल्या पाण्यानेही पातळी उतरते, मात्र माठाचे एकूण वजन त्याने बदलत नाही. माठ तिपाईवर ठेवून खाली ताटली ठेव, आणि ताटलीत ठिबकलेले पाणी वजनात परत मिळव. ते उडालेले नाही, नुसते गळलेले आहे. दोन्ही माठांवर झाकणेही ठेव, नाहीतर रंगवलेल्या माठाच्या तोंडातूनच पाणी उडू लागेल.

थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला घे. ताप मोजायचा घरातला थर्मामीटर साधारण ३५ अंशांच्या पुढेच वाचतो, त्यामुळे तो इथे निरुपयोगी आहे. दोन थर्मामीटर एकाच ग्लासातल्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून आधी जुळवून पाहा, कारण त्यांच्यात एखाद्या अंशाचा फरक असणे नेहमीचे आहे. तो फरक किती आहे हे लिहून ठेव आणि वाचनातून वजा कर. पारा असलेल्याऐवजी लाल द्रव असलेला मिळाला तर लहान मुलांच्या गर्दीत तो बरा.

आता बोलण्याकडे येऊ. माझे मत स्पष्ट आहे : ते दीड पानाचे भाषण बाजूला ठेव. प्रदर्शनात कोणी भाषण ऐकायला बसत नाही. लोक उभे असतात, मागून रेटा असतो, मंडपात लाउडस्पीकर चालू असतो, आणि एखादा माणूस तू ‘साहित्य आणि कृती’वर पोहोचलेली असताना मधूनच येऊन उभा राहतो. पाठ केलेल्या भाषणाला फक्त सुरुवातीतूनच आत शिरता येते. त्याऐवजी एक वाक्य पक्के कर आणि त्याभोवती अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन-चार तुकडे तयार ठेव, ज्यांतला कोणताही आधी आला तरी चालेल. ते वाक्य असे असू शकते : ‘‘माठातून झिरपलेले पाणी बाहेर उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते.’’ पहिलीतल्या मुलापासून परीक्षकापर्यंत हे वाक्य बदलायचे नाही. बदलायचे ते इतकेच की त्या वाक्यापर्यंत कोणाला कोणत्या वाटेने न्यायचे.

लहान मुलांसाठी वाट हातावरून जाते. मुलाला दोन्ही हात पुढे करायला सांग, एका हाताच्या मागच्या बाजूला ओल्या कापसाने पाणी लाव, दुसरा कोरडा राहू दे, आणि पुठ्ठ्याने दोन्ही हातांवर सारखाच वारा घाल. ‘‘कोणता हात गार लागतो?’’ असे विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मग विचार, ‘‘हातावरचे पाणी कुठे गेले?’’ मूल म्हणेल, ‘‘वाळले’’ किंवा ‘‘उडाले’’. तिथेच तुझे वाक्य सांग आणि साध्या माठाच्या ओलसर पोटाला हात लावू दे. बाष्पीभवन हा शब्द या वयाला आधी देऊ नकोस. मुलाच्या तोंडून ‘उडाले’ आल्यावर मोठ्या मुलांना सांग की पुस्तकात यालाच बाष्पीभवन म्हणतात. एक सावधगिरी मात्र घे : सोपे करण्याच्या नादात ‘‘वारा थंडी आत सोडतो’’ किंवा ‘‘छिद्रातून गार हवा माठात शिरते’’ असे काही बोलू नकोस. छिद्रांतून पाणी बाहेर येते, हवा आत जाऊन पाणी गार करत नाही. लहानांना कमी सांगितले तरी चालते, पण जे सांगू ते पुढच्या वर्गात पुसावे लागू नये.

सातवी ते दहावीची मुले विचारतील की पाणी उडाल्याने उरलेले पाणी थंड का व्हावे. त्यांना वर्गाचे उदाहरण दे. वर्गातली सर्वांत उंच पाच मुले बाहेर गेली तर उरलेल्यांपैकी कोणाचीही उंची घटत नाही, तरी वर्गाची सरासरी उंची कमी होते. पाण्याचे कण सारख्या वेगाने हलत नसतात. पृष्ठभागावरून निसटून जातात ते बहुधा वेगवान कण, म्हणून मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग उतरतो, आणि तापमान हे त्या सरासरीचेच माप आहे. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वापरले आहे. त्याची मर्यादाही सांगून ठेवतो : वर्गातली मुले बाहेर गेल्यावर उरलेली मुले उंच होत नाहीत, पण माठाला बाहेरची हवा सतत उष्णता देत असते. ही मर्यादा ध्यानात ठेव, कारण परीक्षकाचा नेमका प्रश्न तिथेच उगवतो.

आजी-आजोबांची वाट अगदी वेगळी आहे, आणि इथेच विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात. एखादी आजी म्हणेल, ‘‘काहून वं पोरी, माठातलं पाणी थंड होते हे का आमाले माहीत नाही?’’ तिला माहीत आहेच, तुझ्याहून कितीतरी जास्त माहीत आहे. तिला सांगायला जाण्याआधी विचार : ‘‘आजी, तुम्ही रांजण कुठे ठेवत होत्या? त्याला ओले पोते का गुंडाळत होत्या? पावसाळ्यात माठाचे पाणी तसे गार का लागत नाही? जुना माठ थंड करेनासा का होतो?’’ तिच्या प्रत्येक उत्तरात तुझे तेच वाक्य दडलेले आहे. सावलीत ठेवला म्हणजे बाहेरून कमी उष्णता आत येते, वाऱ्यावर ठेवला म्हणजे उडालेली वाफ तिथेच साचत नाही, ओल्या पोत्याने पाणी उडायला जागा वाढते, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार वर्षा-दोन वर्षांत छिद्रे बुजवतात. तुझा रंगवलेला माठ म्हणजे जणू एका दिवसात म्हातारा केलेला माठ. हे वाक्य आजीला सांगून पाहा. शेतकरी मंडळींना याच वाटेने आणखी एक पाऊल नेता येते : दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून याच तत्त्वावर भाजीपाला ताजा ठेवतो.

तरुण मंडळींसमोर कूलरचा विषय काढ. विदर्भात कूलर ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण, तरी खोली बंद करून कूलर लावणारे बरेच जण असतात आणि तासाभराने ‘‘नुसता चिकटपणा येतो’’ अशी तक्रार करतात. बंद खोलीतली हवा वाफेने भरत जाते, मग कूलरच्या गवतावरचे पाणी उडणेच मंदावते. खिडकी उघडी ठेवली की कोरडी हवा येत राहते. ही गोष्ट ते घरी जाऊन करूनही पाहतील.

कूलरच्या या गोष्टीवरून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण माठाची मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते आणि ती दाखवायला एक छोटी जोडणी पुरते. दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी टांग. एकाच्या फुग्याला सुती कापडाची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोड. कापड नवे असेल तर त्यातली खळ निघेपर्यंत आधी धुऊन घे, नाहीतर ते पाणी ओढतच नाही आणि दोन्ही थर्मामीटर सारखेच वाचतात. हा घोटाळा मी फार वेळा पाहिला आहे. पुठ्ठ्याने वारा घातल्यावर ओला थर्मामीटर पाच-सात मिनिटांत जिथे उतरून थांबतो, त्याच्याखाली त्या हवेत कोणत्याही माठातले पाणी जाऊ शकत नाही. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी हवा २८ अंश असेल तर हा ओला थर्मामीटर १९ अंशांच्या आसपास जाईल. झडीच्या दिवसांत त्याच २८ अंशांना तो २६ च्या जवळच अडेल. मे महिन्यात हवा ४४ अंश आणि अगदी कोरडी असेल तर तो २३-२४ पर्यंत उतरू शकतो, म्हणून तर उन्हाळ्यात माठाचे पाणी एवढे गार वाटते. माठ शेवटपर्यंत तेवढा उतरत नाही, दोन-चार अंश वरच राहतो. तेव्हा प्रदर्शनाच्या दिवशी आभाळ आले आणि माठांत फरक पडला नाही, तर पाहुण्याला सरळ ओला थर्मामीटर दाखव आणि म्हण, ‘‘आज हवेतच ओलावा जास्त आहे, त्यामुळे पाणी उडत नाही, पाहा, हाही उतरला नाही. कोरड्या दिवसाच्या माझ्या नोंदी या फलकावर आहेत.’’ यासाठी आधीच्या निदान पाच दिवसांच्या नोंदी तारीख-वेळेसह हाताने लिहिलेल्या असू दे.

मुलांच्या गर्दीने भरलेली खोली कोरड्या दिवशीही ओलसर होते. टेबल खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात मागून घे, उन्हाची तिरीप मात्र माठांवर पडू देऊ नकोस.

परीक्षकांसाठी एक हिशेब वहीत तयार ठेव आणि विचारले तरच उघड. साधारण ३० अंशांना एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पाठ्यपुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा आहे. परीक्षक तो म्हणाले तर नम्रपणे एवढे सांग की तापमान कमी असताना हा आकडा वाढतो. वरच्या उदाहरणात ९० ग्रॅम पाणी उडाले, म्हणजे ५२,२०० कॅलरी गेल्या. माठात २००० ग्रॅम पाणी आहे आणि एक ग्रॅम पाणी एका अंशाने उतरवायला एक कॅलरी काढावी लागते, म्हणजे सगळी उष्णता फक्त त्या पाण्यातून गेली असती तर ते २६ अंशांनी उतरले असते, चक्क गोठायला आले असते. फरक मात्र साडेचार अंशांचाच आहे. ‘‘बाकीची उष्णता कुठून आली?’’ हा प्रश्न येणारच. उत्तर असे की पाणी हवेपेक्षा थंड झाल्याबरोबर हवा माठाला उष्णता देऊ लागते, आणि माठ जेवढा थंड तेवढा हा पुरवठा जोरात. जिथे जाणारी आणि येणारी उष्णता सारखी होते तिथे तापमान थांबते. वर्गातल्या मुलांच्या उदाहरणाची जी मर्यादा ध्यानात ठेवायला सांगितली होती, ती हीच. सामान्य पाहुण्याला या हिशेबातली एकच ओळ पुरे : एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम पाणी उडते तेव्हा जवळजवळ तीन लिटर पाणी एका अंशाने उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जाते.

तयारी करताना आरशासमोर बोलू नकोस, आरसा प्रश्न विचारत नाही. एकदा घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांग, एकदा आजीला, आणि एकदा अशा मैत्रिणीला जिला तू मुद्दाम मध्येच तोडायला सांगितले आहेस. ऐकणाऱ्याला शेवटी एवढेच विचार : ‘‘आता मी दोन्ही माठांवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर काय होईल?’’ ‘‘साधा माठही रंगवलेल्यासारखाच वागेल’’ असे उत्तर आले तर तुझे सांगणे पोहोचले. नाही आले तर कोणता तुकडा निसटला ते तिथेच कळेल. प्रदर्शनाच्या दिवशी जमल्यास तिसरा छोटा माठ अशी पिशवी बांधूनच ठेव. त्याचे वजन आणि तापमान आधी सांगू नकोस, पाहुण्यांनाच अंदाज करू दे आणि मग थर्मामीटर वाचायला दे.